सर्वधर्म म्हणजे नेमकं काय? वैदिक, बौद्ध आणि जैन परंपरांतला ‘धर्म’

‘सर्वधर्मसमभाव’ हा शब्द आपण शाळेच्या भिंतीवर वाचलेला असतो. गीतेच्या अठराव्या अध्यायातलं ‘सर्वधर्मान् परित्यज्य’ प्रवचनात कानावर पडतं. आणि धम्मपद उघडलं की ‘सब्बे धम्मा अनत्ता’ हे वचन भेटतं, ज्याचं संस्कृत रूप ‘सर्वधर्मा अनात्मानः’ असं होतं. तिन्ही ठिकाणी ‘सर्व’ आणि ‘धर्म’ हेच दोन शब्द आहेत. पहिल्यात हिंदू, इस्लाम, ख्रिस्ती अशा धर्मांबद्दल बोलणं चालू आहे. दुसऱ्यात माणसाने करायच्या कर्मांबद्दल. तिसऱ्यात जे जे काही आहे त्या सगळ्याबद्दल: रंग, आवाज, राग, लोभ, इतकंच काय निर्वाणाबद्दलसुद्धा. या तिसऱ्या वचनाचं मराठी कोणी ‘सर्व धर्म आत्म्याविना आहेत’ असं केलं, तर शब्दाला शब्द बरोबर असूनही वाक्य साफ चुकलेलं असेल.

परिभाषांची तुलना करणारा निबंध लिहायला बसलं की पहिला मोह होतो तो असा: तीन रकाने आखायचे, वैदिक, बौद्ध, जैन, आणि प्रत्येकात ‘धर्म म्हणजे’ असं लिहून एकेक व्याख्या भरायची. हा तक्ता दिसायला नीट असतो आणि आतून फसवा असतो. कारण प्रत्येक परंपरेतच या शब्दाचे तीन-चार अर्थ शेजारी शेजारी नांदतात, आणि त्यांतले काही अर्थ शेजारच्या परंपरेशी जितके जुळतात तितके घरातल्या दुसऱ्या अर्थाशी जुळत नाहीत. म्हणून तुलना परंपरांची करण्याआधी वापरांची करावी लागते. एखाद्या वाक्यात ‘धर्म’ दिसला की मी त्याला तीन प्रश्न विचारतो. इथे याचं अनेकवचन होतं का? इथे ‘अधर्म’ म्हणजे काय? आणि हा धर्म कुणी तरी करायचा आहे, कशात तरी असतो आहे, की तो स्वतःच एक वस्तू आहे? या तीन प्रश्नांवर शब्द बहुतेक वेळा आपला अर्थ सांगून टाकतो.

तिसऱ्या प्रश्नातले पहिले दोन पर्याय मराठी माणसाला नवे नाहीत. ‘शेजारधर्म’ पाळायचा असतो, म्हणजे तो करण्याचा धर्म. रसायनशास्त्राच्या पुस्तकात पाण्याचे ‘गुणधर्म’ दिलेले असतात, ते पाण्यात असतात, पाणी ते पाळत नाही. हे दोन्ही अर्थ फार जुने आहेत आणि तिन्ही परंपरांत सापडतात. खरी फाटाफूट तिसऱ्या पर्यायात होते.

सुरुवात ऋग्वेदापासून करू. गणपतीत आरती संपली की सगळे हातात फुलं घेऊन उभे राहतात आणि मंत्रपुष्पांजली सुरू होते: ‘यज्ञेन यज्ञमयजन्त देवास्तानि धर्माणि प्रथमान्यासन्’. देवांनी यज्ञाने यज्ञ केला, ते पहिले ‘धर्म’ होते. ही पुरुषसूक्तातली ऋचा आहे. यातलं ‘धर्माणि’ हे रूप जरा जवळून पाहा. पुढच्या संस्कृतात ‘धर्म’ पुल्लिंगी आहे, त्याचं अनेकवचन ‘धर्माः’. इथे मात्र ‘कर्माणि’सारखं नपुंसकलिंगी रूप आहे, कारण ऋग्वेदातला शब्द ‘धर्मन्’ आहे. ‘धृ’ म्हणजे धरणं, पेलणं. धर्मन् म्हणजे पेलून धरणारी गोष्ट, आधार, पाया. ऋग्वेदात तो साठेक वेळा येतो आणि पुष्कळदा अनेकवचनात. विष्णूने तीन पावलं टाकली त्या ऋचेत तो ‘धर्माणि धारयन्’ आहे, म्हणजे धर्मांना धरून ठेवणारा. म्हणजे इथे धर्म ही एकच एक मोठी गोष्ट नाही. जगाला तोलून धरणारे अनेक टेकू आहेत, आणि यज्ञातली कृती हा त्यांतला पहिला.

उपनिषदांपर्यंत येताना लिंग बदलतं, शब्द एकवचनी होतो आणि त्याला माणसांच्या जगातला भार मिळतो. बृहदारण्यकोपनिषदात एक विलक्षण जागा आहे. ब्रह्माने क्षत्र निर्माण केलं, तरी पुरेना, मग धर्म निर्माण केला. तो क्षत्राचंही क्षत्र आहे, म्हणजे सत्तेवरची सत्ता. म्हणून दुबळाही धर्माच्या बळावर बलवानाला आव्हान देतो, जसं राजाच्या आधाराने द्यावं. आणि लगेच पुढे म्हटलं आहे की जो धर्म तेच सत्य, सत्य बोलणाऱ्याला लोक धर्म बोलतो म्हणतात आणि धर्म बोलणाऱ्याला सत्य बोलतो म्हणतात. इथे धर्म न्यायाच्या अगदी जवळ उभा आहे.

पण याच परंपरेत शब्दाला सर्वांत काटेकोर कोणी केलं असेल तर वेदवाक्यांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसकांनी. जैमिनींच्या सूत्रांचा आरंभच ‘अथातो धर्मजिज्ञासा’ असा आहे, आणि दुसरं सूत्र व्याख्या देतं: ‘चोदनालक्षणोऽर्थो धर्मः’. चोदना म्हणजे करायला लावणारं वाक्य, ‘स्वर्ग हवा असेल त्याने यज्ञ करावा’ अशा घडणीचं. अशा वेदवाक्याशिवाय ज्याचा पत्ता लागत नाही आणि ज्यात माणसाचं हित आहे, तो धर्म. व्याख्येत ‘अर्थ’ हा शब्द उगाच आलेला नाही. वेदात श्येनयागही सांगितला आहे, तो शत्रूला मारण्यासाठी करायचा याग. वाक्य वेदातलंच, करायची रीतही वेदानेच सांगितलेली; तरी त्याचं फळ दुसऱ्याची हिंसा आहे, म्हणून भाष्यकार शबर त्याला ‘अनर्थ’ म्हणून धर्माबाहेर काढतात. हिताची अट नसती तर व्याख्या इथेच मोडली असती.

मग धर्म म्हणून बोट कशावर ठेवायचं? शबर म्हणतात, जो याग करतो त्याला लोक ‘धार्मिक’ म्हणतात. कुमारिल भट्ट हेच आणखी उघड करतात: वेदवाक्याने सांगितलेली द्रव्यं, गुण आणि कर्मं यांनी माणसाचं श्रेय साधतं, म्हणून धर्मपण त्यांच्यातच आहे. म्हणजे तांदूळ, तूप, आहुती टाकण्याची क्रिया, हेच धर्म. करणाऱ्याच्या आत साठलेलं काही नव्हे. वैशेषिकांचं मत याच्या अगदी उलट. त्यांच्या मते धर्म हा आत्म्याचा गुण आहे, डोळ्यांना न दिसणारा, चांगल्या कर्माने आत्म्यात उपजणारा आणि सुख देऊन संपणारा. न्याय-वैशेषिकांच्या चोवीस गुणांच्या यादीत रूप, रस, गंध यांच्याबरोबर धर्म आणि अधर्म हेही बसलेले आहेत. दोघंही वेद मानणारे, दोघंही ‘धर्म’च म्हणतात, एकासाठी तो यज्ञमंडपात घडतो आणि दुसऱ्यासाठी आत्म्यात साठतो. ‘वैदिक परंपरेत धर्म म्हणजे’ असं वाक्य लिहिताना हात अडखळायला हवा तो यासाठी.

आणि धर्म ओळखायचा कसा? आपस्तंब धर्मसूत्रात याचं एक उत्तर आहे, जे मला फार प्रामाणिक वाटतं. धर्म आणि अधर्म ‘हे पाहा आम्ही’ असं म्हणत फिरत नाहीत. देव, गंधर्व आणि पितरही हा धर्म, हा अधर्म असं येऊन सांगत नाहीत. जे केल्यावर आर्य वाखाणतात तो धर्म, जे निंदतात तो अधर्म. मीमांसकांनी वेदवाक्यावर ठेवलेला भार इथे शिष्टांच्या आचारावर येतो. वर्ण, आश्रम, जात, देश यांनुसार वेगवेगळे धर्म सांगणाऱ्या धर्मशास्त्राचा रस्ता इथूनच रुंद होतो, आणि त्यातली विषमताही याच रस्त्याने आत येते, कारण वाखाणायचं कोणी आणि निंदायचं कोणी हे आधीच ठरलेलं असतं. गीतेतलं ‘सर्वधर्मान्’ या अर्थाचं अनेकवचन आहे. त्यावर भाष्य करताना शंकराचार्य म्हणतात की इथे धर्म या शब्दाने अधर्मही घ्यायचा, कारण सांगायचं आहे ते सर्व कर्मांचा त्याग. अधर्मालाही पोटात घेणारं हे अनेकवचन वैदिक वापरात अपवादाचं आहे, म्हणूनच भाष्यकाराला ते मुद्दाम सांगावं लागलं. बौद्धांकडे हीच गोष्ट नेहमीची आहे.

अभिधम्मपिटकातला पहिला ग्रंथ धम्मसंगणी. त्याच्या सुरुवातीची यादी अशी: ‘कुसला धम्मा, अकुसला धम्मा, अब्याकता धम्मा’. चांगले धम्म, वाईट धम्म, आणि ज्यांना चांगलं-वाईट म्हणता येत नाही असे धम्म. म्हणजे लोभ हाही एक धम्म, द्वेष हाही एक धम्म. पूजेतला किंवा शेजारधर्मातला अर्थ मनात धरून हे वाचणारा इथे अडखळतो, आणि माझ्या दुसऱ्या प्रश्नाचा उपयोग इथे दिसतो. या वापरात ‘अधम्म’ हा विरुद्धार्थी शब्दच उरत नाही. जे काही अनुभवात येतं, ज्याचं पुढे आणखी विघटन होत नाही, आणि ज्याला स्वतःची एक ओळख आहे, ते धम्म. थेरवादाच्या अभिधम्मात पुढे अशा धम्मांची संख्या ८२ धरली गेली, सर्वास्तिवादींनी ७५ धरली, योगाचारांनी १००. आकडे वेगळे असले तरी काम एकच आहे: ‘मी’ म्हणून जे वाटतं ते उलगडून त्यात काय काय आहे ते मोजायचं, आणि मोजून झाल्यावर ‘मी’ म्हणून काही शिल्लक राहत नाही हे पाहायचं.

वसुबंधूंच्या अभिधर्मकोशभाष्यात व्युत्पत्ती दिली आहे, ‘स्वलक्षणधारणाद् धर्मः’, स्वतःचं लक्षण धरून ठेवतो म्हणून धर्म. धातू तोच ‘धृ’. महाभारतात ‘धर्मो धारयते प्रजाः’ असं म्हटलं आहे, तिथे धर्म प्रजेला धरतो. वसुबंधूंचा धर्म फक्त स्वतःच्या लक्षणाला धरतो: अग्नी उष्णतेला, वेदना अनुभवण्याला.

पण बौद्ध वाङ्मयातला ‘धम्म’ म्हणजे एवढंच, असं समजलं तर दुसऱ्या टोकाची चूक होईल. धम्मपदच घेऊ, अवघ्या ४२३ गाथांचा ग्रंथ. पहिल्याच गाथेत ‘मनोपुब्बङ्गमा धम्मा’, मन ज्यांच्या पुढे चालतं असे धम्म. अनेकवचन आहे, आणि बोलणं मनातल्या अवस्थांबद्दल आहे. चार गाथा ओलांडून पाचवीत येतं की वैराने वैर कधी शमत नाही, अवैराने शमतं, ‘एस धम्मो सनन्तनो’. आता एकवचन, आणि अर्थ ‘सदाचा नियम’. २५९ व्या गाथेत ‘धम्मधर’ कोणाला म्हणावं ते सांगितलं आहे: खूप बोलतो म्हणून कोणी धम्मधर होत नाही. इथे धम्म म्हणजे बुद्धांचा उपदेश, पाठ केलेला आणि जगायचा. एका पातळ पुस्तकात इतके वळसे. बोलतानाही वचन आणि संदर्भ यांवरूनच ऐकणारा समजून घेत असणार.

सगळ्यांत बारकाईने पाहण्यासारख्या तीन गाथा म्हणजे २७७ ते २७९. ‘सब्बे सङ्खारा अनिच्चा’, ‘सब्बे सङ्खारा दुक्खा’, आणि तिसरी ‘सब्बे धम्मा अनत्ता’. पहिल्या दोन गाथांत ‘सङ्खार’, तिसरीत अचानक ‘धम्म’. नेहमीचं स्पष्टीकरण असं: सङ्खार म्हणजे कारणांनी घडलेल्या गोष्टी, त्या अनित्य आणि दुःखरूप आहेत. निर्वाण कारणांनी घडलेलं नाही, म्हणून ते अनित्य नाही आणि दुःखही नाही. पण आत्मा तेही नाही. तेव्हा ‘अनत्ता’ म्हणताना निर्वाणालाही सामावणारा मोठा शब्द हवा, आणि तो शब्द धम्म. हे स्पष्टीकरण तर्काला पटतं, मलाही पटतं. पण निबंधात ते एकमेव म्हणून देऊ नये, कारण धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे जुन्या पाली टीकेत, याच जागी ‘सब्बे धम्मा’ म्हणजे पाच खंधच, म्हणजे माणूस ज्यांचा बनतो ते पाच घटकच, अभिप्रेत आहेत असं म्हटलं आहे, आणि पाच खंधांत निर्वाण येत नाही. परंपरेच्या आतच एका शब्दाच्या व्याप्तीवर दोन वाचनं आहेत, आणि ती दोन्ही नोंदवणं हेच परिभाषेच्या अभ्यासकाचं काम.

या अनेक अर्थांची जाणीव बौद्ध टीकाकारांना पुरेपूर होती. बुद्धघोषांच्या नावावर असलेल्या अट्ठसालिनीत ‘धम्म’ हा शब्द कोणकोणत्या अर्थांनी दिसतो याची यादीच दिली आहे: परियत्ति म्हणजे पाठांतराचा उपदेश, हेतू म्हणजे कारण, गुण, आणि निस्सत्त-निज्जीवता, म्हणजे ज्यात कोणी प्राणी नाही, जीव नाही अशी निव्वळ घटना. यातल्या ‘गुण’ या अर्थासाठी थेरगाथेतली एक गाथा उद्धृत होते: धम्म आणि अधम्म यांचं फळ सारखं नसतं, अधम्म नरकात नेतो, धम्म सद्गतीला पोचवतो. ही ओळ एखाद्या पुराणात सापडली असती तरी कोणाला वेगळं वाटलं नसतं. म्हणजे एकाच यादीत एक अर्थ वैदिकांशी हात मिळवतो आणि दुसरा त्यांच्यापासून सर्वांत दूर जातो.

महाराष्ट्रात याला आणखी एक पदर आहे. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला झालेल्या दीक्षेनंतर मराठीत ‘धम्म’ हा शब्द ‘धर्म’ या शब्दापासून जाणीवपूर्वक वेगळा उच्चारला आणि लिहिला जाऊ लागला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या मांडणीत धम्म म्हणजे नीती, माणसामाणसांतलं योग्य वर्तन, आणि देव-आत्मा-विधी यांवर उभा असलेला धर्म त्याहून वेगळा. पालीच्या व्याकरणात ‘धम्म’ हे ‘धर्म’चंच रूप आहे, पण आजच्या मराठीत ते दोन शब्द आहेत आणि त्यांचे अर्थही दोन आहेत. मराठीत निबंध लिहिणाऱ्याने पाली उताऱ्यातल्या धम्माला हा आधुनिक अर्थ लावू नये, आणि आधुनिक मजकुरातल्या धम्माला ‘धर्म’ करून सपाटही करू नये.

आता जैन परंपरेकडे वळू. इथे तिसरा पर्याय, धर्म ही स्वतःच एक वस्तू असणं, असं रूप घेतो की जगात दुसरीकडे कुठे त्याला जोड असेल असं मला वाटत नाही.

तत्त्वार्थसूत्राचा पाचवा अध्याय अजीव पदार्थांची नावं घेतो: धर्म, अधर्म, आकाश, पुद्गल. पुद्गल म्हणजे जडद्रव्य, आकाश म्हणजे अवकाश, आणि त्यांच्या रांगेत धर्म-अधर्म. हे पुण्य-पाप नव्हे. धर्म हे गतीला साहाय्य करणारं द्रव्य आहे आणि अधर्म हे थांबण्याला साहाय्य करणारं. दोन्ही अमूर्त, दोन्ही स्वतः निष्क्रिय, दोन्ही सगळा लोक व्यापून असलेली, आणि दोन्ही एकेकच. म्हणजे पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे कडक ‘नाही’ आहे, या धर्माचं अनेकवचन होऊच शकत नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर तर थक्क करणारं आहे, कारण अधर्मात वाईट असं काहीच नाही. तो नसता तर कुठलीच वस्तू कुठे टिकून राहिली नसती.

धर्मद्रव्य गती देत नाही, गतीला वाव देतं, हा फरक द्रव्यसंग्रहातल्या प्राकृत गाथेत नेमका पकडला आहे. हालचाल करू लागलेल्या पुद्गलांना आणि जीवांना धर्म चालण्यात साथ देतो, ‘तोयं जह मच्छाणं’, जसं माशांना पाणी. जे थांबलेले आहेत त्यांना तो ओढून नेत नाही. पाणी माशाला पोहायला लावत नाही, पण पाण्याबाहेर मासा पोहूही शकत नाही. अधर्मासाठी पुढच्या गाथेत वाटसरूला मिळणारी सावली आली आहे: सावली कोणाला अडवून धरत नाही, थांबायचं त्याला जागा देते.

हे द्रव्य मानण्याची गरज काय, हे कळायला तत्त्वार्थसूत्राचा शेवट वाचावा. मुक्त झालेला जीव कर्माच्या ओझ्यातून सुटतो आणि स्वभावाने वर जातो. मग तो वर जात जात थांबतो कुठे, आणि का? लोकाच्या शिखरावर थांबतो. दिगंबर पाठातलं एक छोटं सूत्र कारण देतं, ‘धर्मास्तिकायाभावात्’, कारण त्यापुढे धर्मास्तिकाय नाही. लोकाबाहेर आकाश आहे, पण धर्म नाही, म्हणून तिथे गती नाही. मोक्षाच्या वर्णनात ‘धर्म नाही म्हणून थांबला’ हे वाक्य नेहमीच्या अर्थाने वाचलं तर अनर्थच होईल. जैन अर्थाने वाचलं की ते विश्वरचनेबद्दलचं सरळ विधान आहे.

आणि याच ग्रंथाच्या नवव्या अध्यायात ‘धर्म’ पुन्हा येतो: उत्तम क्षमा, मार्दव, आर्जव, शौच, सत्य, संयम, तप, त्याग, आकिंचन्य, ब्रह्मचर्य. हा दहा अंगांचा धर्म, ज्याच्या नावाने भाद्रपदात दिगंबर जैनांचं दशलक्षण पर्व चालतं. पाचव्या अध्यायातला धर्म आणि नवव्यातला धर्म यांत शब्दाखेरीज काही समान नाही, आणि ग्रंथकारालाही तो फरक समजावून सांगण्याची गरज वाटलेली नाही. म्हणून अभ्यासकांनी पहिल्यासाठी नेहमी ‘धर्मास्तिकाय’ किंवा ‘धर्मद्रव्य’ असं पूर्ण नाव वापरावं. शब्दसूचीत नुसतं ‘धर्म’ लिहिलं की दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि मग कितीही टिपा दिल्या तरी वाचकाचा गोंधळ निस्तरत नाही.

जैनांनीही आपली यादी केली आहे. कार्त्तिकेयानुप्रेक्षेतली गाथा म्हणते: ‘धम्मो वत्थुसहावो, खमादिभावो य दसविहो धम्मो, रयणत्तयं च धम्मो, जीवाणं रक्खणं धम्मो’. वस्तूचा स्वभाव तो धर्म, क्षमा वगैरे दहा भाव तो धर्म, सम्यक् दर्शन-ज्ञान-चारित्र ही तीन रत्नं धर्म, जीवांचं रक्षण धर्म. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणाऱ्या आ. ने. उपाध्ये यांनी या ग्रंथाचं संपादन केलं, ते १९६० साली प्रसिद्ध झालं. गाथेत लक्षात घेण्यासारखं हे की धर्मद्रव्य या यादीत नाही. जीवाला जे साधायचं आहे किंवा जे वस्तूचं आपलंपण आहे त्याची ही यादी. गतीचं माध्यम त्यात कशाला येईल? बुद्धघोषांच्या यादीशेजारी ही गाथा ठेवली की दोन्ही परंपरा आपापल्या घरातली पसरण स्वतःच किती नेटकी मोजत होत्या ते दिसतं.

‘वत्थुसहावो’ म्हणजे गुणधर्माचा अर्थ, आणि इथे तिन्ही परंपरा एका मैदानात येतात. ते मैदान तर्काचं. ‘डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो’ या सर्वांच्या आवडीच्या उदाहरणात डोंगर हा धर्मी आणि आग हा त्याचा सिद्ध करायचा धर्म. नैयायिक असो, बौद्ध असो की जैन, वादाला उभं राहिल्यावर धर्म-धर्मी ही जोडी सगळे वापरतात, नाहीतर वाद सुरूच होणार नाही. मतभेद लागतो तो या जोडीचं अंतिम स्वरूप काय यावर. नैयायिक म्हणतात की धर्मी खरा, धर्म खरा, आणि दोन्ही वेगळे. जैन म्हणतात की एका वस्तूत अनंत धर्म असतात, म्हणून कोणतंही एक विधान वस्तूचा एकच पैलू पकडतं. त्यांचा अनेकान्तवाद या अनेकवचनावर उभा आहे. अभिधर्मातले बौद्ध म्हणतात की धर्मच खरे, त्यांना अंगावर वागवणारा धर्मी ही आपल्या बोलण्याची सोय. आत्मा नाकारणं आणि धर्मी नाकारणं ही त्यांच्याकडे एकच हालचाल आहे. माझ्या मते तुलनेचा सगळ्यांत सकस भाग इथे आहे, कारण इथे तिघं एकाच अर्थाचा एकच शब्द वापरून एकमेकांशी भांडतात. कर्तव्याच्या अर्थावर जे वाद दिसतात ते पुष्कळदा कोणता आचार बरा यावरचे असतात. इथला वाद जग कशाचं बनलं आहे यावरचा आहे.

एक तुलना मात्र टाळावी, जी फार सहज सुचते: वैशेषिकांचा आत्म्यात साठणारा धर्म आणि जैनांचा धर्म. वैशेषिकांच्या त्या धर्माला जैन व्यवस्थेत जोड शोधायची तर ती ‘पुण्य’ या नोंदीखाली मिळेल, कारण जैनांकडे चांगल्या कृतीने जीवाला चिकटतं ते पुण्यकर्म, आणि ते पुद्गल आहे, चक्क जडद्रव्य. शब्द सारखा म्हणून एका ओळीत बसवले तर चुकतं. काम सारखं आहे का हे पाहून बसवावं लागतं. म्हणून तक्ता करायचाच असेल तर आडव्या ओळींना परंपरांची नावं देऊन उभ्या रकान्यांना कामांची नावं द्यावीत, जसं की करायची कृती, कृतीचं साठलेलं फळ, वस्तूचा गुण, अस्तित्वाचा घटक, गतीचं माध्यम, उपदेश. मग काही चौकोन रिकामे राहतात. ते रिकामेच ठेवावेत. ‘गतीचं माध्यम’ या रकान्यात वैदिक आणि बौद्ध ओळींपुढे काहीही भरण्यासारखं नाही, आणि ती रिकामी जागाच माहिती देते.

या प्रश्नांना एक जण मात्र सहजी दाद देत नाही, तो म्हणजे अशोक. मुंबईजवळच्या सोपाऱ्याला त्याच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे मिळाले आहेत. नवव्या लेखात लोक आजारपणात, लग्नात, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात असं सांगून अशोक त्यापुढे ‘धम्ममंगल’ ठेवतो: दास आणि नोकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान, प्राण्यांबाबत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. एका स्तंभलेखात तो स्वतःच विचारतो ‘धम्म म्हणजे काय?’ आणि उत्तर देतो: कमी दोष, पुष्कळ कल्याण, दया, दान, सत्य, शुचिता. यात अनत्ता नाही, निर्वाण नाही, आर्यसत्यं नाहीत. वैदिक यज्ञही नाही. ‘करायची कृती’ या रकान्यात तो बसतो, पण ओळ कोणती द्यायची? बौद्ध द्यावी तर मजकुरात खास बौद्ध काही नाही. वैदिक द्यावी तर लिहिणारा बौद्ध उपासक.

बैराटच्या लेखात मात्र तोच राजा भिक्षुसंघाशी बोलतो, बुद्ध, धम्म आणि संघ यांवरची आपली श्रद्धा सांगतो, आणि भिक्षू-भिक्षुणींनी व उपासकांनी ऐकावेत असे काही ‘धम्मपर्याय’ नावांनिशी देतो. तिथे धम्म म्हणजे परियत्ति, बुद्धघोषांच्या यादीतला उपदेशाचा अर्थ. प्रजेशी बोलताना एक अर्थ, संघाशी बोलताना दुसरा, आणि माणूस एकच. त्याच्या नोंदीला मी परंपरेची ओळ देत नाही. लेखाचं नाव आणि ऐकणारे कोण होते, एवढं लिहितो. कंदाहारला १९५८ मध्ये सापडलेल्या त्याच्या ग्रीक-अरमाईक लेखामुळे ही सावधगिरी मला आणखी योग्य वाटते. ग्रीकांसाठी धम्माच्या जागी ‘युसेबिया’ घातलं आहे, म्हणजे देवांविषयी आणि वडीलधाऱ्यांविषयीचा आदरभाव, आणि अरमाईक वाचणाऱ्यांसाठी त्याच जागी ‘सत्य’ या अर्थाचा शब्द आहे. एकाच दगडावर, एकाच राजाच्या एकाच शब्दासाठी, दोन वाचकवर्गांना दोन वेगळे अर्थ दिलेले आहेत.